घरांतील वस्तु आणि वापर : तांब्याच्या बाटलींतील हिरवा जंगाल

नागपूरच्या एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्रानें एक प्रश्न विचारला आहे. दिवाळींत त्या तीन आठवडे परगांवीं गेल्या, तेव्हां त्यांची एक लिटरची तांब्याची पाण्याची बाटली कपाटांत तशीच राहिली. तळाशीं दोन घोट पाणी शिल्लक होतें आणि झांकण घट्ट लावलेलें होतें. परत येऊन पाहतात तों आंत हिरवट-निळसर थर धरलेला. त्यांनीं चिंच-मीठ घालून बाटली खळखळून धुतली, बाहेरूनहि घासली. ती लख्ख दिसूं लागली. पण दुसरे दिवशीं सकाळीं गळ्याशीं पुन्हां फिकट हिरवें कडें उमटलेलें. घरांत शाळेंत जाणारी मुलगी आहे आणि दहा महिन्यांचें तान्हें मूल आहे. "या बाटलींतील पाणी आतां मुलांना द्यावें कीं नाहीं?" असें त्या विचारतात.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. जंगाल काढावा कसा, हा पहिला. आणि काढल्यानंतर बाटली पुन्हां पाण्यास योग्य झाली हें ओळखावें कसें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर बहुतेक घरांतून ठाऊक असतें. दुसऱ्याचें उत्तर "चकाकली म्हणजे झाली" असें दिलें जातें, आणि तेंच चुकीचें आहे. म्हणून आजचें हें सदर आम्ही विशेषतः त्या दुसऱ्या भागासाठीं लिहीत आहों.

तांब्याच्या भांड्यांत पाणी ठेवण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. मग पूर्वींच्या हंड्या-घागरींस ही अडचण फारशी कां येत नसे? कारण हंडा रोज रिता होत असे, रोज चिंचेनें किंवा राखेनें आंतून घासला जात असे, आणि त्यांत हात कोपरापर्यंत जात असे. संध्येची पळी-पंचपात्रीहि रोजच्या रोज उजळली जाते. बाटलीचें तोंड अरुंद. हात आंत जात नाहीं, नजरहि जात नाहीं, आणि झांकण लावलें कीं आंतील ओल बाहेर पडत नाहीं. वस्तु तीच तांब्याची, पण वागणूक निराळी. हंड्याच्या भरंवशावर बाटली वापरणें हेंच बहुतेक तक्रारींचें मूळ आहे.

आतां आंत दिसणारे रंग ओळखूं या, कारण सगळा निर्णय त्यांवर आहे. घासलेलें तांबें गुलाबीसर असतें. पाणी व हवा लागून कांहीं दिवसांत त्यावर तपकिरी, पुढें काळपट असा सारखा थर येतो. हा तांब्याचा ऑक्साइड होय. तो धातूस घट्ट चिकटून राहतो, पुसल्यानें सहसा निघत नाहीं, आणि खालचें तांबें पाण्यांत उतरण्यास कांहींसा अडथळाच करितो. त्यास भिऊं नये. हिरवा किंवा निळसर थर मात्र निराळा. ओल, हवा आणि हवेंतील कार्बन डायॉक्साइड हीं तिन्ही बरेच दिवस एकत्र राहिलीं म्हणजे तांब्याचा कार्बोनेट तयार होतो. मीठ शिल्लक असल्यास क्लोराइडहि त्यांत मिसळतो. आंबट पदार्थ असल्यास त्या आम्लाचे क्षार होतात. आपल्याकडे या सर्वांना जंगाल किंवा कळंक असेंच म्हणतात. हा थर भुसभुशीत असतो, बोटास लागतो, आणि थोड्याशा आंबटपणानेंहि विरघळून पाण्यांत उतरतो. तपकिरी रंग बाटलीपाशीं राहतो, हिरवा रंग पाण्याबरोबर पोटांत जातो. एवढा भेद ध्यानांत ठेवला कीं पुष्कळ काम होतें.

नागपूरच्या भगिनींच्या बाटलींत काय घडलें हें यावरून कळेल. तीन आठवड्यांत ओल आणि बंद हवा यांनीं पहिला जंगाल धरला. चिंच-मिठानें तो बराचसा निघाला, परंतु झांकणाच्या आट्यांत आणि गळ्याशीं मीठ व आम्ल राहून गेलें. मीठ तांब्यावर ओलसर राहिलें तर तेंच नवा जंगाल धरण्यास मदत करितें. म्हणून रात्रींत कडें उमटलें. घासणें कमी पडलें असें नव्हे. खळबळणें व वाळविणें कमी पडलें.

आम्हीं त्यांस पुढील कृति कळविली. प्रथम बाटलींत साधें पाणी भरून, हलवून, तें मोरींत ओतून द्यावें. कोरडा जंगाल चमच्यानें किंवा काडीनें खरवडूं नये. त्याची धूळ नाका-डोळ्यांत जाते. मग कोमट पाणी एक लिटर घेऊन त्यांत लिंबाचें सत्व, म्हणजे दुकानांत सायट्रिक आम्ल म्हणून मिळणारे पांढरे खडे, चहाचे चार सपाट चमचे, सुमारें वीस ग्रॅम, विरघळवावें. हें पाणी बाटलींत अगदीं कांठोकांठ भरावें. अर्धी भरली तर खांदा व गळा कोरडे राहतात, आणि जंगाल बहुधा तेथेंच असतो. सत्व नसल्यास पांच-सहा रसदार लिंबांचा गाळलेला रस पाण्यांत मिसळून चालेल. मीठ घातल्यास काम लौकर होतें हें खरें, पण वर सांगितल्याप्रमाणें तें मागें राहिल्यास उलट फळ देतें. म्हणून बाटलीसारख्या अरुंद तोंडाच्या भांड्यास आम्ही मिठाशिवायच पसंत करितों.

एक सावधगिरी येथें विसरूं नये. आम्ल आणि कार्बोनेट एकत्र आले कीं वायु सुटतो; बारीक बुडबुडे येतांना दिसतीलहि. झांकण घट्ट लावून बाटली हलविल्यास आंत दाब वाढतो व झांकण उघडतांना आंबट पाणी तोंडावर उडतें. म्हणून वीस मिनिटें बाटली उघडीच ठेवावी. झांकणहि त्याच पाण्याच्या वाटींत बुडवून ठेवावें. त्यांतील रबराचें कडें मात्र आधीं काढून निराळें धुवावें, कारण कड्याखालीं जंगाल लपलेला असतो.

वीस मिनिटांनीं पाणी ओतलें तर तें फिकट निळें-हिरवें दिसेल. हा रंग म्हणजे विरघळलेलें तांबेंच. तें तुळशीच्या वृंदावनांत किंवा कुंडींत ओतूं नये. झाडांच्या मुळांस तें बाधतें. मोरींत भरपूर पाण्याबरोबर सोडावें. रात्रभर आम्ल भरून ठेवण्याचा मोह कित्येकांस होतो. तसें करूं नये. जंगाल अर्ध्या तासांत निघण्यासारखा असतो, आणि त्यानंतर आम्ल चांगलें तांबेंच खाऊं लागतें.

नागपूरच्या बाटलीचा पहिल्या खेपेस बराचसा थर गेला, पण गळ्याचें कडें आणि तळाच्या सांध्याजवळचे दोन ठिपके राहिले. अशा वेळीं त्याच प्रमाणाचें ताजें पाणी अर्धी बाटली घ्यावें, त्यांत मूठभर कच्चे तांदूळ टाकावे, आणि तळहातानें तोंड सैल झांकून, अधूनमधून हात उचलून वायु जाऊं देत, पांच मिनिटें गोल गोल फिरवावें. तांदळाचे दाणे जेथें हात पोंचत नाहीं तेथें घासतात आणि धातूवर ओरखडे काढीत नाहींत. लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश असल्यास उत्तमच. तारेची घासणी, वाळू किंवा खडे वापरूं नयेत; ओरखड्यांत पाणी साचून तेथेंच पुढें जंगाल धरतो. कपडे धुण्याचें ब्लीच तर मुळींच वापरूं नये. तें तांब्यास खातें, आणि आम्लाशीं मिसळलें तर विषारी क्लोरीन वायु सुटतो. भांडीं उजळण्याच्या तयार पुडी व मलमें बाहेरच्या अंगास ठीक. आंतून तीं पूर्ण धुऊन निघालीं कीं नाहीं हें पाहतां येत नाहीं, म्हणून आंत नकोत. वापरलेले तांदूळ फेकून द्यावे. ते पक्ष्यांनाहि घालूं नयेत.

यापुढचें काम घासण्याहून महत्त्वाचें आहे. स्वच्छ पाण्यानें तीनदां खळबळावें. मग लिटरभर पाण्यांत चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा घालून तें बाटलींत भरावें, दोन मिनिटें ठेवून ओतावें, म्हणजे सांध्यांत उरलेलें आम्ल निष्प्रभ होईल. पुन्हां तीनदां साध्या पाण्यानें धुवावें. नंतर बाटली तोंड खालीं करून, पण तोंडाखालीं हवा खेळेल अशी, जाळीवर दिवसभर ठेवावी. पालथी बाटली सपाट ओट्यावर ठेवली तर आंतील वाफ तशीच कोंडून राहते आणि केलेलें सर्व काम वायां जातें.

येथवर जंगाल गेला. आतां बाटली वापरावी कीं नाहीं, याचा निर्णय करण्याच्या चार परीक्षा आम्ही सांगतों. त्या क्रमानेंच घ्याव्या. एकींत नापास झाल्यास पुढच्या परीक्षेकडे जाऊं नये.

पहिली परीक्षा नजरेची. बाटली पूर्ण कोरडी झाल्यावर आंत विजेरीचा उजेड तिरपा पाडून तळ, सांधा, खांदा व गळा हीं चारी ठिकाणें निरनिराळीं पाहावीं. गुलाबी, तपकिरी, काळसर डाग चालतील. हिरवा किंवा निळा ठिपका एकहि चालणार नाहीं. दुसरी परीक्षा कापडाची. एका लांकडी काडीस पांढरें ओलें फडकें घट्ट बांधून तें गळ्यापासून तळापर्यंत फिरवावें, आणि झांकणाच्या आट्यांतूनहि फिरवावें. किंचित तपकिरी छटा आली तर हरकत नाहीं. हिरवी छटा आली तर पुन्हां धुवावें. नागपूरची बाटली नजरेच्या परीक्षेंत उतरली, पण कापडावर झांकणाच्या आट्यांचा हिरवा माग उमटला. जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें त्या आट्या लिंबूपाण्यांत घासल्यावर फडकें स्वच्छ निघालें. बाटली चांगली आणि झांकण वाईट, असें पुष्कळदां होतें.

तिसरी परीक्षा पाण्याची. आम्लानें धुतलेल्या बाटलीचें तांबें उघडें पडलेलें असतें, आणि पहिल्या एक-दोन भरण्यांत तें नेहमींपेक्षां अधिक उतरतें. म्हणून बाटली साध्या पाण्यानें भरून रात्रभर, सुमारें आठ तास, ठेवावी व तें पाणी फेकावें. दुसऱ्या रात्रींहि तसेंच करावें. तिसऱ्या रात्रींचें पाणी पांढऱ्या वाटींत ओतून उजेडांत पाहावें. निळसर झांक, तरंगणारे कण किंवा तळाशीं गाळ दिसल्यास बाटली नापास. स्वच्छ दिसल्यास मोठ्या माणसानें एक लहान घोट तोंडांत फिरवून थुंकून टाकावा. कडवट, तुरट, नाणें चघळल्यासारखी चव आली तर तें पाणी पिऊं नये.

या तिसऱ्या परीक्षेची मर्यादा मात्र उघड सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत लिटरला दोन मिलिग्रॅम तांबें ही वरची मर्यादा घातली आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें ०·०५ मिलिग्रॅम इष्ट, आणि दुसरें पाणी नसेल तेव्हां १·५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. जिभेस तांबें बहुधा अडीच मिलिग्रॅमच्या पुढें जाणवूं लागतें, आणि डोळ्यांस रंग दिसण्यास त्याहून किती तरी अधिक लागतें. म्हणजे चव आली तर पाणी वाईट हें निश्चित. चव आली नाहीं म्हणून पाणी चांगलेंच, असें निश्चित म्हणतां येत नाहीं. ज्यांस पूर्ण खात्री हवी, त्यांनीं रात्रभर ठेवलेलें पाणी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेंत देऊन तांब्याचा आंकडा मागावा. निरोगी बाटलींत हा आंकडा किती लहान असतो हेंहि कळावें म्हणून सांगतों. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, बंगळूर येथील संशोधकांच्या प्रयोगांत तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेवलेल्या पाण्यांत लिटरला ०·२ मिलिग्रॅमहूनहि कमी तांबें उतरलें, आणि पाण्यांत मुद्दाम सोडलेले जुलाबाचे जंतु तेवढ्या वेळांत नष्ट झाले. स्वच्छ भांडें, साधें पाणी आणि एक रात्र, एवढ्या अटींवरचें हें फळ आहे. जंगाल धरलेल्या बाटलीस तें लागू पडत नाहीं.

चौथी परीक्षा काळाची. बाटली आठ दिवस रोज वापरून, रोज वाळवून, आठव्या दिवशीं पुन्हां विजेरीनें पाहावी. हिरवें परत आलें नाहीं तर बाटली घरांत ठेवण्यास योग्य. नीट वाळवूनहि त्याच जागीं, विशेषतः सांध्याजवळ, हिरवा ठिपका पुन्हां पुन्हां येत असेल, किंवा फडकें फिरवितांना तेथें खड्डा वा खडबडीतपणा लागत असेल, तर धातु तेथें पोखरली आहे किंवा सांध्यांत दुसरा कांहीं पदार्थ आहे असें समजावें. सांधा कोणत्या धातूनें जोडला हें आपणांस बाहेरून कळत नाहीं. कांहीं डागांत शिसेंहि असूं शकतें. अशी बाटली कितीहि महाग घेतलेली असली तरी मोडींत द्यावी.

आतां नागपूरच्या भगिनींच्या प्रश्नाचा गाभा. चारी परीक्षांत उतरलेल्या बाटलींतील साधें पाणी मोठ्या माणसांनीं व शाळेंत जाणाऱ्या मुलीनें पिण्यास हरकत नाहीं. दहा महिन्यांच्या मुलास मात्र तें देऊं नये, आणि त्याचें दूध तर तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्याजवळहि नेऊं नये. हें आम्ही उगाच भीतीनें म्हणत नाहीं. आपल्याच प्रांतांत एके काळीं तान्ह्या मुलांचें यकृत कठीण होऊन त्यांत तीं दगावण्याचा एक रोग होता. १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. टॅनर व त्यांचे सहकारी यांनीं तांब्याचा अंश उतरलेल्या वरच्या दुधाकडे या रोगाचें संभाव्य कारण म्हणून बोट दाखविलें. १९८७ सालीं डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित व डॉ. टॅनर यांनीं पुण्यांतील आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली, तिनेंहि तेंच सुचविलें: आजारी मुलांचें दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें वा ठेवलेलें असण्याचें प्रमाण पुष्कळ अधिक होतें. तीं भांडीं स्वयंपाकघरांतून गेलीं आणि हा रोगहि दुर्मिळ झाला. दूध आणि पाणी एक नव्हेत; दूध तांबें फार ओढून घेतें, आणि तापविल्यानें अधिकच. तथापि तान्ह्या मुलाचें यकृत तांबें बाहेर टाकण्यास पुरतें तयार झालेलें नसतें, म्हणून त्याच्यासाठीं स्टीलचें किंवा कांचेचें भांडें, हाच सरळ मार्ग. शरीरांत तांबें साचण्याचा विल्सनचा विकार ज्यांस आहे, त्यांनींहि तांब्याची बाटली वर्ज्य करावी.

जंगालाचें पाणी कोणी पिऊन गेलेंच, तर मळमळ, पोटांत मुरडा, उलटी, तोंडांत धातूची चव हीं लक्षणें बहुधा लौकरच दिसतात. तें पाणी लगेच बंद करावें, साधें पाणी थोडें थोडें द्यावें, मुद्दाम उलटी काढूं नये, आणि उलट्या थांबत नसतील किंवा पिणारें मूल लहान असेल तर वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें. शक्य तर बाटलींतील पाणीहि बरोबर न्यावें.

पुढें जंगाल धरूं नये म्हणून करावयाचें तें फार थोडें आहे. रात्रीं भरावी, सकाळीं रिती करावी; उरलेलें पाणी दिवसभर व पुन्हां रात्रभर ठेवूं नये. रोज खळबळून तोंड उघडें ठेवून वाळवावी. पंधरा दिवसांतून एकदां लिंबाच्या सत्वाचें पातळ पाणी दहा मिनिटें भरून, वर सांगितल्याप्रमाणें सोडा व साध्या पाण्यानें धुवावी. परगांवीं जातांना बाटली कोरडी करून झांकण निराळें ठेवावें. घरांत पाणी शुद्ध करण्याचें यंत्र असल्यास ध्यानांत ठेवावें कीं, क्षार काढलेलें पाणी पुष्कळदां किंचित आम्ल असतें व तांब्यास अधिक लागतें. असें पाणी बाटलींत आठ तासांपेक्षां कमीच ठेवावें.

आणि ताक, लिंबाचें सरबत, कोकमाचें सार यांपैकीं कांहींहि बाटलींत घालूं नये. "ताक कळकलें" हा आपल्या आजीबाईंच्या तोंडचा शब्द याच गोष्टीसाठीं होता, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांस कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेण्याचा खटाटोपहि याचसाठीं. बाटलीस आंतून कल्हई नसते. तिच्यांत केवळ पाणीच ठेवावें. नागपूरच्या भगिनींची बाटली आठव्या दिवसाच्या परीक्षेंत उतरली असें त्यांनीं कळविलें आहे. ती आतां मोठ्यांच्या फळीवर असते, आणि बाळाचें पाणी स्टीलच्या तांब्यांत.